व्हिसा मिळाला, लायसन्स मिळालं: आता लिहायचं काय?

एका मैत्रिणीचा अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा मंजूर होतो, त्याच आठवड्यात दुसरीला ड्रायव्हिंग लायसन्स मिळतं, आणि दोघींच्या फोनवर एकच मजकूर जाऊन पडतो: ‘हार्दिक अभिनंदन! पुढील वाटचालीस अनेक शुभेच्छा!’ पाठवणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, याबद्दल मला शंका नाही. पण हा मजकूर त्या दोघींपैकी कुणालाच लिहिलेला नाही. तो दहावीच्या निकालाला चालतो, नव्या फ्लॅटला चालतो, बढतीला चालतो. ज्या दोन गोष्टींसाठी तो पाठवला, त्या तर एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. लायसन्स म्हणजे आपल्या हातापायांनी दिलेली परीक्षा. गाडी मागे सरकली की नापास, नाही सरकली की पास. व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय. त्यामागे अर्जदाराचे कष्ट भरपूर असतात, पण शेवटचा शब्द तिचा नसतो. माझं म्हणणं असं की अभिनंदनाच्या दोन ओळींत हा फरक दिसला पाहिजे. कौशल्याचं कौतुक थेट करावं. निर्णयाचा आनंद मानावा आणि कौतुक मात्र तयारीचं करावं.

आधी लायसन्स घेऊ, कारण ते सरळ आहे. आपल्याकडे पहिल्यांदा कच्चं लायसन्स निघतं. त्यासाठी संगणकावर वाहतुकीच्या नियमांचे आणि चिन्हांचे प्रश्न सोडवायचे असतात. ते सहा महिने चालतं, आणि त्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावावा लागतो, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला असावा लागतो. निदान ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही. म्हणून कच्चं लायसन्स मिळालेल्या मित्राला ‘चल, आता गोव्याला जाऊ तुझ्या गाडीतून’ असं लिहिणं लवकर होतं. त्याला शिकायची परवानगी मिळालेली आहे, एकट्याने चालवायची नाही. त्याला लिहायचंच तर ‘सरावाला शेजारी बसायला माणूस हवा असेल तर मला सांग’ हे लिहावं. ज्याच्याकडे पक्कं लायसन्स आहे अशा मित्राकडून कच्चंवाल्याला याहून उपयोगी शुभेच्छा कुठली असणार!

खरी परीक्षा पक्क्याची. माझी एक मैत्रीण साताऱ्याजवळच्या शाळेत शिकवते. वयाच्या ५२व्या वर्षी तिने कार शिकायला घेतली. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तिने जोडलं. पहिल्या टेस्टला ती अडली ती चढावर. या टेस्टमध्ये चढावर गाडी पूर्ण थांबवायची असते आणि मागे न सरकता पुन्हा पुढे काढायची असते. नवशिक्याचा पाय ब्रेकवरून उठून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे यायला लागते, मग घाबरून क्लच पटकन सुटतो आणि इंजिन बंद पडतं. तिचं नेमकं हेच झालं. नापास झालेल्याला आठवडाभराने पुन्हा टेस्ट देता येते. मधल्या दिवसांत ती एकच गोष्ट घोटत राहिली. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लच हळूहळू सोडत यायचं, इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की क्लचचा पाय तिथेच रोखायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग हँडब्रेक खाली. ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो ती जागा कानाने आणि तळपायाने ओळखावी लागते, कुणी सांगून ती कळत नाही. दुसऱ्या वेळी गाडी जागची मागे हलली नाही.

त्या संध्याकाळी तिला आलेले बरेच मेसेज तिने मला दाखवले. ‘या वयातही शिकलीस, कमाल आहे!’ ‘आता भाऊजींना आराम.’ ‘रस्त्यावर सगळ्यांनी सांभाळून राहा रे.’ ‘जपून चालव हं, ट्रॅफिक फार वाढलंय.’ चारही माणसं तिच्यावर माया करणारी. तरी चौघांच्याही शब्दांत कौतुकाला काहीतरी चिकटलेलं होतं. पहिल्याने तिचं वय काढलं. दुसऱ्याने तिचं शिकणं नवऱ्याच्या सोयीला जोडलं. तिसऱ्याने बाई गाडी चालवते म्हटल्यावर जो विनोद करायची पद्धत आहे तो केला. चौथ्याची काळजी खरी होती, पण ज्या दिवशी तिने सिद्ध केलं की गाडी तिच्या ताब्यात राहते, त्याच दिवशी तिला ‘जपून’ सांगण्यात थोडा अविश्वास येतोच. काळजीचे शब्द दुसऱ्या दिवशी फोनवर बोलावेत, घाटातल्या वळणांबद्दल, रात्रीच्या हेडलाइटबद्दल, जे सांगायचं ते नेमकं सांगावं. पहिल्या संध्याकाळी निखळ आनंद पोहोचू द्यावा.

मी तिला लिहिलं होतं ते असं:

‘चढावर गाडी अजिबात मागे गेली नाही, हे ऐकून इतका आनंद झाला! तो हाफ क्लच तू ऐकून ऐकून पकडलास. मनापासून अभिनंदन. रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊ. गाडी तू चालवायचीस, मी शेजारी बसणार.’

या चार-पाच वाक्यांत दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक म्हणजे तिने जे नेमकं जमवलं त्याचं नाव. चढ हे नाव घेता आलं कारण आधी तिथे अडल्याचं तिनेच मला सांगितलं होतं. तिने सांगितलं नसतं आणि मला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर मी चढाचा उल्लेख केला नसता, नुसतं ‘पास झालीस’ एवढ्यावर थांबले असते. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या गाडीत बसण्याची तयारी. नव्या ड्रायव्हरला ‘तुझ्यावर विश्वास आहे’ असं म्हणणारे पुष्कळ असतात, प्रत्यक्षात घाटात शेजारी बसायला तयार असणारे थोडे. म्हणून जिथे शक्य असेल तिथे विश्वासाचं विधान करण्यापेक्षा दिवस आणि रस्ता ठरवून द्यावा.

लायसन्सच्या बाबतीत मेसेज पास झालेल्या दिवशीच पाठवावा. छापलेलं कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो, तोवर फोनमधल्या डिजिलॉकरमधली प्रत चालते. पण कार्डाची वाट बघण्याचं कारणच नाही, कारण सिद्ध व्हायचं ते त्या ट्रॅकवरच होऊन गेलेलं असतं. ५० ते ५५ या वयात लायसन्स काढणाऱ्याला ते साठीपर्यंत चालतं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या हातात आठ वर्षं आली. तो हिशेब तिनेच मला हसत सांगितला.

व्हिसाच्या बाबतीत मात्र घाई करू नये, आणि का करू नये ते नीट पाहायला हवं. अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसाचंच उदाहरण घेते, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना आता तो रस्ता पाठ झाला आहे. विद्यापीठाने प्रवेश दिला की आय-२० हा कागद येतो. त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च लिहिलेला असतो आणि तेवढे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. सेव्हिसची ३५० डॉलर फी वेगळी, व्हिसाच्या अर्जाची १८५ डॉलर वेगळी. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरताना शाळा, प्रवास, नातेवाईक, आधीचे नकार सगळं खरं लिहायचं. मग तारीख मिळवायची, ज्याला सगळे ‘स्लॉट’ म्हणतात आणि ज्यासाठी मुलं-मुली रात्री उशिरापर्यंत पडद्याकडे डोळे लावून बसतात. बोटांचे ठसे आणि फोटो आधी वेगळ्या केंद्रावर, आणि मग मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं आणि खिडकीवरची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते.

त्या दोन-तीन मिनिटांत काय ठरतं? अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी) असं गृहीत धरतं की समोरचा माणूस तिथे कायमचं राहायलाच येतो आहे. तसं नाही, हे अधिकाऱ्याला पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर असतं. अधिकाऱ्याचं समाधान झालं तर व्हिसा, नाही झालं तर नकार. या नकारावर अपील नाही. गुण कमी म्हणून नकार, गुण जास्त म्हणून होकार, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. एकाच कॉलेजच्या, जवळपास सारखे कागद घेऊन गेलेल्या दोघांपैकी एकाला होकार आणि एकाला नकार मिळाल्याचं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच ‘तुझी लायकीच होती’, ‘हुशार मुलांना मिळतोच’ असे शब्द मला खटकतात. व्हिसा हे लायकीचं प्रमाणपत्र मानलं, की नकार हे नालायकीचं प्रमाणपत्र ठरतं. मैत्रिणीचं कौतुक करताना आपण नकळत तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या कुणावर शिक्का मारतो. उलट ‘नशीबवान आहेस’ म्हणण्यात दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे. त्यात बँकेच्या फेऱ्या, अर्जातली एकेक तारीख तपासणं, मुलाखतीचा सराव हे सगळं पुसलं जातं. तिचं जे स्वतःचं आहे ते म्हणजे तयारी, आणि तयारीचं नाव घेतलं की दोन्ही चुका टळतात.

आता वेळेची गोष्ट. अधिकारी खिडकीवर ‘अप्रूव्ड’ म्हणतो आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतो. पासपोर्ट ठेवला म्हणजे होकार, असं अनुभवी मंडळी धरून चालतात, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण व्हिसा अजून छापलेला नसतो. काही अर्ज पुढच्या तपासणीसाठी थांबवतात, त्याला मुलं ‘२२१(जी)’ म्हणतात. कधी एखादा कागद हवा असतो, कधी आतल्या चौकशीला वेळ लागतो. त्या थांबलेल्या काळात वेबसाइटवर अर्जापुढे ‘Refused’ असा शब्द दिसू शकतो. तो वाचून कितीतरी घरांत रडारड झाली आहे, आणि त्याच अर्जापुढे पुढे ‘Issued’ आलं आहे. अशा मधल्या काळात तिच्या नावाने पाच-पन्नास अभिनंदनं येऊन पडली, तर तिला प्रत्येकाला ‘अजून तसं काही नाही’ हे समजावत बसावं लागतं. हे काम तिच्यावर टाकू नये. खिडकीवरून आल्यावर तिने तुम्हाला सांगितलं असेल तर तिच्या एकटीच्या नंबरवर एक ओळ पुरे: ‘पहिला टप्पा पार पडला, खूप बरं वाटलं. पासपोर्ट आला की सांग.’ आणि ही बातमी दुसऱ्या कुणाला सांगू नये. पासपोर्ट तिच्या हातात आला, तिने तो उघडून नाव आणि जन्मतारीख बरोबर छापली आहे ना ते पाहिलं, की मग खरा मेसेज लिहावा.

तो काय असावा? कर्ज मंजूर करून घ्यायला जी स्वतः बँकेत खेटे घालत होती, त्या एका मुलीला मी लिहिलं होतं:

‘पासपोर्ट हातात आला, जिवात जीव आला! बँकेच्या फेऱ्या, ती स्लॉटची जागरणं, सगळं तू एकटीने ओढलंस. आणि त्या काचेपलीकडच्या बाईंना आपला विषय दोन वाक्यांत समजावून दिलास, त्याचं मला फार कौतुक वाटतं. निघायच्या आधी एक दुपार माझ्यासाठी ठेव.’

यात अमेरिका हा शब्दसुद्धा नाही, हे मुद्दाम. तिने काय केलं ते आहे आणि मला काय हवं आहे ते आहे. ‘संस्कार विसरू नकोस’, ‘आई-बाबांना विसरू नकोस’ असला उपदेश तिथे घालायचा मोह आपल्या पिढीला होतो. तिच्या आनंदाच्या पहिल्या दिवशी तिला आपल्या भीतीचं ओझं का द्यावं?

आणखी काही वाक्यं आहेत, ती प्रेमाने लिहिली जातात पण लिहू नयेत असं मी आग्रहाने सांगेन. ‘आता तिकडेच सेटल हो’, ‘परत येऊ नकोस बाई इकडे’, ‘गेल्या गेल्या नोकरीला लाग आणि आम्हालाही बोलव.’ आपल्या बोलण्यात ही वाक्यं सहज असतात, त्यांचा अर्थ ‘तुझं भलं होवो’ एवढाच असतो. पण ती जिथे उघड लिहिली जातात तिथे परके डोळेही असतात. डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडियाच्या खात्यांची नावं २०१९पासून विचारली जातात. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं. शिवाय व्हिसा छापला म्हणजे प्रवेश पक्का झाला असं नसतं. विमानतळावर उतरल्यावर आत घ्यायचं की नाही ते तिथला सीमा अधिकारी ठरवतो, आणि त्याला प्रवाशाचा फोन तपासता येतो. ज्या मुलीने ‘मी शिकायला जाते आहे’ हे पटवून देऊन व्हिसा मिळवला, तिच्या भिंतीवर तिच्याच मावशीने ‘आता कायमची तिकडे’ असं का लिहावं? नोकरीचंही तसंच. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, कॅम्पसबाहेर वेगळी परवानगी लागते. ‘पहिल्या दिवसापासून कमवायला लाग’ ही शुभेच्छा तिला नियम मोडायला सांगते.

एखाद्या अभिनंदनामुळे कुणाचा व्हिसा गेला, असं मी म्हणत नाही. ती भीती घालणं हा माझा उद्देशही नाही. म्हणणं एवढंच की मेसेज छोटा असावा, खाजगी असावा, आणि त्यात तिच्या वतीने तिच्या भविष्याचे निर्णय जाहीर केलेले नसावेत. राहायचं की परतायचं, हे तिला स्वतःलाही अजून माहीत नसतं.

फोटोबद्दल दोन वाक्यं. आनंदाच्या भरात मित्र व्हिसाच्या पानाचा किंवा नव्या लायसन्सचा फोटो ग्रुपवर टाकतो. व्हिसावर पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख असते, लायसन्सवर नंबर, जन्मतारीख आणि पत्ता. असा फोटो पुढे पाठवू नये, आणि त्याला एकट्याला लिहावं की नंबर झाकून पुन्हा टाक.

सगळ्यात अवघड जागा मात्र ग्रुप हीच आहे. आठ मित्रांचा ग्रुप, तिघांच्या मुलाखती एकाच आठवड्यात, दोघांना व्हिसा आणि एकाला २१४(बी)चा कागद. ग्रुपवर फुलं आणि फटाक्यांची चित्रं येऊ लागतात आणि नकार मिळालेला मित्र गप्प असतो. कुणी म्हणेल, मग काय आनंदही साजरा करायचा नाही? करायचा. ज्यांना मिळाला त्यांचा आनंद खरा आहे आणि तो दाबून ठेवायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पण अभिनंदन करण्याआधी त्या तिसऱ्याला फोन करावा. फोनवर कारणं शोधत बसू नये, कारण त्याला दिलेल्या कागदावर कायद्याचं ठरावीक वाक्य असतं, त्याच्या उत्तरात नेमकं काय चुकलं ते तिथे लिहिलेलं नसतं. ‘तू असं सांगायला हवं होतंस’ हे म्हणणाऱ्यालाही काही माहीत नसतं. मग ग्रुपवर त्या दोघांना लिहिताना तयारीचे शब्द वापरावेत, निवड झाल्याचे, जिंकल्याचे वापरू नयेत. तयारी तिसऱ्यानेही तेवढीच केलेली असते, त्यामुळे ते शब्द वाचताना तो बाहेर ढकलला जात नाही. हे शब्द असे निवडायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, फक्त पाठवायच्या आधी तो ग्रुपमध्ये आहे एवढं आठवावं लागतं.

पुढे त्याने पुन्हा अर्ज केला. नवी फी, नवा डीएस-१६०, नवी तारीख. आधी नकार मिळाला होता का, या प्रश्नाला त्याने ‘हो’ असं खरं उत्तर दिलं. परिस्थितीत काय बदललं ते सांगता आलं, तर दुसऱ्यांदा होकार मिळू शकतो आणि त्याला तो मिळाला. आता त्याला ‘शेवटी मिळाला एकदाचा!’ असं लिहायला सगळ्यांचे हात शिवशिवतील. त्या वाक्यात पहिल्या नकाराची आठवण आहे आणि वाट पाहून दमल्याचा आपला सुस्कारा आहे, त्याचं काही नाही. त्याला असं लिहावं: ‘पासपोर्ट आला, फार आनंद झाला. तू सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलंस आणि पुन्हा त्याच रांगेत उभा राहिलास. विमानतळावर सोडायला मी येणार.’ आणि हे ग्रुपवर टाकू नये, त्याच्या एकट्याच्या नंबरवर पाठवावं. मधल्या नकाराची गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.